टॉवेल कारखान्यासाठी ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत शेड घेतलेल्या, किंवा शहरातल्या जुन्या शेडमधून तिकडे जायच्या तयारीत असलेल्या कारखानदारांकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांची उत्तरं एकाच उदाहरणावरून दिली आहेत. कारखाना टेरी टॉवेलचा, १६ रेपिअर लूमचा. सूत रंगवायची सोय स्वतःची आहे, सायझिंग बाहेरून होतं. येत्या दोन-तीन वर्षांत आणखी ८ लूम टाकायचे आहेत आणि शेडमध्ये त्यांची जागा आखलेली आहे. तुमचे आकडे वेगळे निघतील, हिशोबाची वाट मात्र हीच राहील.

स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो का?

लघुदाबावर, म्हणजे एलटीवर वीज मिळत असेल तर नाही. तिथे डीपी महावितरणची असते आणि तुमचा संबंध मीटरपासून पुढे सुरू होतो. लघुदाबाच्या मर्यादेपलीकडे मागणी गेली की उच्चदाब जोडणी घ्यावी लागते. मग ११ केव्हीचा पुरवठा तुमच्या आवारात येतो आणि तो ४३३ व्होल्टवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर तुमच्या पैशाने, तुमच्या प्लिंथवर बसतो. चुकीच्या मापाचा घेतला तर तो बदलण्याचा खर्चही तुमचाच. आपल्या उदाहरणातला कारखाना या गटातला आहे.

मशिनांच्या प्लेटवरचे किलोवॅट जोडले तर ३०२ येतात. काँट्रॅक्टर ५०० केव्हीए सांगतोय. बरोबर आहे का?

त्याने बहुधा ३०२ ला ०.८ पॉवर फॅक्टरने भागलं, ३७७ आले, वाढीसाठी थोडं धरलं आणि ५०० वर थांबला. या हिशोबात कुठलंच मशीन कधी बंद नसतं आणि प्रत्येक मोटर पूर्ण ताकदीने चालते. असा कारखाना सोलापुरात काय, कुठेच नसतो.

कनेक्टेड लोड म्हणजे काय काय जोडलंय त्याची यादी. ट्रान्सफॉर्मरला कळतो तो एका वेळी प्रत्यक्ष ओढला जाणारा भार. पहिल्या आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला दोन पायऱ्या आहेत. एक विभाग एकटा जास्तीत जास्त किती ओढतो, ही पहिली. तिथे डिमांड फॅक्टर लागतो. सगळे विभाग आपापल्या कमाल मागणीला एकाच वेळी पोचतात का, ही दुसरी. तिथे डायव्हर्सिटी लागते. दोन्ही एकाच गुणाकारात उरकल्या की पुढे हिशोब कुठे बिघडला ते शोधता येत नाही.

डिमांड फॅक्टर कुठून आणायचा? पुस्तकातला तक्ता चालेल का?

दुसरं काहीच हाती नसेल तर चालवा. पण सोलापुरात बहुतेकांचं एखादं जुनं शेड चालू असतं, आणि त्यासारखा तक्ता कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. तिथल्या लूमच्या फीडरवर नोंद ठेवणारा मीटर एक आठवडा लावा. आठवड्यातली कमाल मागणी घ्या, तिला त्या फीडरवरच्या प्लेटच्या किलोवॅटच्या बेरजेने भागा. हा तुमचा डिमांड फॅक्टर. नुसता क्लॅम्प मीटर लावून दोन मिनिटांत आकडा घेतला तर ते पाहणं झालं, मोजणं नव्हे. त्या दोन मिनिटांत तीन लूम बीम बदलायला थांबलेले असू शकतात.

लूमच्या बाबतीत हा आकडा १ पेक्षा बराच खाली येतो. प्लेटवरच्या बेरजेत मुख्य मोटरबरोबर लेट-ऑफ, टेक-अप वगैरे सगळ्या छोट्या मोटरी धरलेल्या असतात. शिवाय मुख्य मोटर निवडताना लूम सुरू होतानाचा जोर बघितलेला असतो, चालू लूमला तेवढी ताकद लागत नाही. त्यातून सुताची तूट आणि बीम बदलणं.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. मोटरच्या प्लेटवरचे किलोवॅट शाफ्टवर मिळणारे असतात. २२ किलोवॅटची मोटर पूर्ण भारावर तारेतून साधारण २४ किलोवॅट ओढते. फॅक्टर प्रत्यक्ष मोजून काढला असेल तर हा फरक आपोआप त्यात आलेला असतो. तक्त्यातून उचलला असेल तर तो फॅक्टर इनपुटवर आहे की आउटपुटवर, हे बघून घ्या.

आपल्या कारखान्याचे आकडे असे धरू:

| विभाग | कनेक्टेड लोड (किलोवॅट) | डिमांड फॅक्टर | विभागाची कमाल मागणी (किलोवॅट) |
|---|---|---|---|
| १६ रेपिअर लूम | १२० | ०.६५ | ७८ |
| सूत रंगाई, हायड्रो, ड्रायर | ७० | ०.७० | ४९ |
| वाइंडिंग, वॉर्पिंग | २६ | ०.६० | १६ |
| कॉम्प्रेसर | २२ | ०.८० | १८ |
| ह्युमिडिफिकेशन | १८ | ०.८५ | १५ |
| बॉयलरचे पंखे आणि पंप | १५ | ०.७० | ११ |
| दिवे, पंखे, ऑफिस | १२ | ०.८० | १० |
| बोअर, ईटीपी | ११ | ०.६० | ७ |
| शिलाई | ८ | ०.५० | ४ |
| एकूण | ३०२ | | २०८ |

डायव्हर्सिटी किती धरायची? कुणी १.१५ सांगतं, कुणी १.४.

सगळ्या विभागांच्या कमाल मागण्यांची बेरीज भागिले संपूर्ण कारखान्याची एकाच वेळची कमाल मागणी, हा डायव्हर्सिटी फॅक्टर. तो १ किंवा १ पेक्षा जास्त असतो आणि त्याने भागायचं असतं. काही जण त्याचाच उलटा आकडा, म्हणजे १.१५ ऐवजी ०.८७, घेऊन गुणतात. उत्तर एकच येतं. दोघांच्या कागदांची सरमिसळ झाली तर मात्र मागणी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, किंवा दोनदा कमी होते.

पण संपूर्ण कारखान्यासाठी एकच आकडा आधी ठरवायचा आणि मग भागायचं, ही पद्धत मला पटत नाही. वेगवेगळ्या वेळी चालतात त्याच मशिनांना डायव्हर्सिटी मिळते. म्हणून यादी दोन भागांत मांडा.

पहिला भाग पाळी सुरू झाली की चालूच राहणारा. लूम ७८, ह्युमिडिफिकेशन १५, कॉम्प्रेसर १८, बॉयलर ११, दिवे १०. एकूण १३२ किलोवॅट. लूम चालू तर दमटपणा हवा, दिवे हवेत, हवा हवी. यांच्यात डायव्हर्सिटी जवळपास नसते. लूम आपसांत थोडेफार मागेपुढे थांबतात, पण तो परिणाम ०.६५ मध्ये एकदा धरून झाला आहे. तोच पुन्हा डायव्हर्सिटीत धरणं ही या हिशोबातली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

दुसरा भाग येतो-जातो अशा मशिनांचा. रंगाई ४९, वाइंडिंग-वॉर्पिंग १६, बोअर आणि ईटीपी ७, शिलाई ४. एकूण ७६. आता डाइंग मास्टरला शेजारी बसवा आणि विचारा, की व्हेसलचा पंप पूर्ण जोरात असताना हायड्रो चालतो का? ड्रायर कधी लागतो? ईटीपी रात्री चालवता का? अशा बोलण्यातून आपल्या उदाहरणात ७६ पैकी साधारण ४९ एका वेळी चालू असतात असं निघालं. १३२ अधिक ४९ म्हणजे १८१ किलोवॅट.

आता उलटं तपासा. २०८ ला १८१ ने भागलं की १.१५ येतात. म्हणजे १.१५ वाल्याचा आकडा इथे बरोबर ठरला. १.४ वाल्याने काय केलं असतं? २०८ भागिले १.४ म्हणजे १४९. त्यातून कायम चालणारे १३२ वजा केले तर रंगाई, वाइंडिंग, शिलाई, ईटीपी या सगळ्यांना मिळून १७ किलोवॅट उरतात. रंगाईतला एक मोठा पंप चालू झाला की ते संपले. कुठल्याही काँट्रॅक्टरचा हिशोब हातात आला की आधी ही वजाबाकी करा. आकडा पटण्यासारखा आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

मग ट्रान्सफॉर्मर १८१ किलोवॅटचा?

ट्रान्सफॉर्मर केव्हीएत मोजतात, कारण तो तापतो करंटमुळे. त्या करंटचा किती भाग उपयोगी कामाला लागला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कपॅसिटर पॅनल नीट चालू असेल आणि पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर १८१ किलोवॅट म्हणजे साधारण १९० केव्हीए. पॅनल बंद पडून तो ०.८ वर घसरला तर तेच १८१ किलोवॅट २२६ केव्हीए होतात. कुठलंही मशीन न वाढवता ३६ केव्हीए गेले. उच्चदाब ग्राहकाचं वीजबिलही आता केव्हीएएच युनिटवर असल्याने हा फटका दर महिन्याच्या बिलातही दिसतो.

नव्या रेपिअरमध्ये इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बरेच असतात. त्यांच्या हार्मोनिक्समुळे साधे कपॅसिटर फुगतात, म्हणून रिअ‍ॅक्टरसह पॅनल घ्या. ड्राइव्हचा वाटा फार मोठा असेल तर ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याला तसं ऑर्डरच्या वेळीच सांगा.

पुढच्या वाढीसाठी किती टक्के ठेवायचे? दरवर्षी ५ टक्के धरू का?

टक्केवारी शहराच्या मागणीला शोभते. लूमच्या शेडमध्ये भार टक्क्यांनी वाढत नाही. तो दोन वर्षं जागचा हलत नाही आणि मग एका महिन्यात आठ लूम येतात. म्हणून वाढही यंत्रांच्या यादीतूनच काढा.

आपल्याकडे ८ लूम यायचे आहेत. ६० किलोवॅट कनेक्टेड लोड, ०.६५ फॅक्टरने ३९. त्यांच्यासाठी ह्युमिडिफिकेशन वाढेल, ते ६ धरा. एकूण ४५. हे सगळं पहिल्या, कायम चालणाऱ्या भागातलं आहे, त्यामुळे डायव्हर्सिटीने न भागता सरळ मिळवायचं. १८१ अधिक ४५ म्हणजे २२६ किलोवॅट, ०.९५ ने २३८ केव्हीए.

यादीत कुठली वाढ घ्यायची, याबाबत मी कडक आहे. जागा आखलेली आहे आणि पैशाची तजवीज दिसते आहे, ती वाढ घ्या. "पुढे बघू" या सदरातली घेऊ नका. तिच्यासाठी प्लिंथशेजारी दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची जागा आणि केबल ट्रेंच मोकळी ठेवा. त्याला खर्च फार येत नाही.

याला एक अपवाद आहे. रेपिअरच्या जागी एअरजेट आणायचा विचार असेल तर हा हिशोब बाजूला ठेवून नवा मांडा. एअरजेटला बाणा हवेच्या जोरावर न्यायचा असतो, त्यामुळे कॉम्प्रेसरचा भार लूमच्या भाराच्या बरोबरीला जाऊ शकतो, आणि तो दिवसभर राहतो.

शेवटी कितीचा? २५०, ३१५ की ५००?

वितरण ट्रान्सफॉर्मरच्या आयएस ११८० या मानकातल्या मापांत आपल्या कामाची मापं २५०, ३१५, ४०० आणि ५००. पूर्ण वाढीनंतरच्या कमाल मागणीला ट्रान्सफॉर्मर ८० टक्क्यांच्या आसपास असावा, असा माझा नेम आहे. २३८ भागिले ०.८ म्हणजे २९७. वरचं माप ३१५.

३१५ वर आज भार ६० टक्के, ८ लूम आल्यावर ७६ टक्के. २५० घेतला तर आज ७६ आणि पुढे ९५. कागदावर ९५ टक्केही बसतात. पण हाच आकडा दोन वाईट प्रसंगांत तपासा.

पहिला प्रसंग वीज जाऊन परत येण्याचा. तासभर वीज नसली की रंगाईची बॅच अर्धवट अडकते, ओल्या सुताचा ढीग साचतो, पाण्याची टाकी रिकामी होते. वीज आली की सगळ्यांना एकदमच मशीन हवं असतं. अशा वेळी डायव्हर्सिटी उरत नाही. २०८ अधिक ४५ म्हणजे २५३ किलोवॅट, ०.९५ ने २६६ केव्हीए. २५० चा ट्रान्सफॉर्मर १०६ टक्क्यांवर जातो, ३१५ चा ८४ वर राहतो. दुसरा प्रसंग कपॅसिटर पॅनल बंद पडण्याचा. २२६ किलोवॅट ०.८ ने २८२ केव्हीए होतात. ३१५ ला ते ९० टक्के. २५० ला ११३ टक्के, आणि पॅनल दुरुस्त होईपर्यंत रोज.

थोडा वेळ ओव्हरलोड झाला तर काय बिघडतं? तेलाचा ट्रान्सफॉर्मर सहन करतो म्हणतात.

सहन करतो. तेल तापायला काही तास घेतं, त्यामुळे थंड ट्रान्सफॉर्मरवर अर्धा तास १०६ टक्के आल्याने काही होत नाही. प्रश्न हवामानाचा आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी ४२-४३ अंश सर्रास असतात आणि रात्रही लवकर निवत नाही. तेल आधीच तापलेलं असताना वरून भार आला की वाइंडिंगवरचा कागद भाजतो. साध्या कागदाच्या इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा, की सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान नेमलेल्या मर्यादेवर दर ६ अंशांनी वाढलं की इन्सुलेशन झिजण्याचा वेग दुप्पट होतो. हे नुकसान बाहेरून दिसत नाही आणि भरूनही निघत नाही.

त्यामुळे जागा जपून निवडा. बॉयलर हाउसच्या भिंतीला लागून, वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी भिंत, अशी खोली बऱ्याच ठिकाणी दिसते. तिथे ३१५ चा ट्रान्सफॉर्मरही ३१५ चा राहत नाही.

मग ५०० घेऊन निर्धास्त का होऊ नये? मोठा घेतला तर लॉस जास्त होतो एवढंच ना?

लॉसचा मुद्दा लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो, दोन्ही बाजूंनी. नमुन्याचे आकडे घेऊ. ३१५ चा नो-लोड लॉस ३३० वॅट, ५०० चा ५८० वॅट. कारखाना बंद असो वा चालू, हा लॉस वर्षाचे ८७६० तास होतो, म्हणजे ५०० वाला वर्षाला साधारण २१९० युनिट जास्त खातो. उलट चालू भारावर तो कमी तापतो. पूर्ण भारावरचा लोड लॉस अनुक्रमे २७७० आणि ३७२० वॅट धरला, आणि दोन पाळ्यांचे ४८०० तास सरासरी १५० केव्हीए भार असेल, तर तिथे ५०० वाला साधारण १४०० युनिट वाचवतो. निव्वळ तोटा वर्षाला ८०० युनिटांच्या आत. एकच पाळी असेल तर तो वाढतो, तिन्ही पाळ्या भरभरून चालल्या तर फरक पुसलाही जातो. खरे आकडे ट्रान्सफॉर्मरच्या टेस्ट सर्टिफिकेटवर असतात. ते ऑर्डर देण्याआधी मागा.

५०० चा खरा खर्च दुसरीकडे आहे. एक, त्याची किंमत. दोन, एलटी बाजूचा फॉल्ट करंट. इम्पीडन्स ४.५ टक्के धरला तर ३१५ च्या टर्मिनलवर शॉर्ट सर्किटला साधारण ९.३ किलोअँपिअर येतात, ५०० च्या जवळपास १५. मुख्य पॅनलजवळचे ब्रेकर आणि बसबार तेवढे सोसणारे हवेत. जुन्या शेडमधला १० किलोअँपिअरचा पॅनल उचलून नव्या ५०० च्या ट्रान्सफॉर्मरजवळ बसवला, तर पहिल्याच मोठ्या शॉर्टमध्ये ब्रेकर उडायच्या ऐवजी फुटू शकतो.

काँट्रॅक्ट डिमांडही ३१५ ठेवायची का?

नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एक धरल्याने दर महिन्याला पैसे जातात. ट्रान्सफॉर्मर एकदाच बसतो, काँट्रॅक्ट डिमांड अर्ज करून वाढवता येते. न वापरलेल्या काँट्रॅक्ट डिमांडच्याही ठराविक हिश्श्याचा डिमांड चार्ज भरावा लागतो, आणि मंजूर डिमांड ओलांडली तर जादा दर लागतो. आपल्या कारखान्याने सुरुवात २०० ते २२० केव्हीएवर करावी. वीज परत आल्यावर मागणी २१९ पर्यंत जाऊ शकते, कारण तेव्हाचे २०८ किलोवॅट ०.९५ ने तेवढे होतात. डाइंग मास्टर आणि मुकादमाने वीज आल्यावर रंगाई अर्धा तास मागे ठेवायची सवय लावली तर २०० मध्ये भागेल. मीटरमध्ये एमडी, म्हणजे कमाल मागणी, अर्ध्या तासाच्या सरासरीने नोंदली जाते, त्यामुळे मोटर सुरू होतानाचा क्षणिक झटका तिथे फारसा दिसत नाही.

मोठी मोटर सुरू होताना दिवे मिणमिणतील का?

आपल्या यादीतली सर्वांत मोठी मोटर २२ किलोवॅटची आहे. ती थेट डीओएलवर टाकली तरी ३१५ च्या ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज साधारण अडीच टक्के बसेल, स्टार-डेल्टावर त्याहून बरंच कमी. काळजी नको. एखादी मोटर ट्रान्सफॉर्मरच्या मापाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचली की वेगळा हिशोब करावा लागतो.

छतावर सोलर बसवणार आहोत. ट्रान्सफॉर्मर लहान चालेल?

रात्रपाळीला सोलर नसतं आणि रात्रपाळीतही लूम सगळे चालतात. माप कमी करू नका.

एका ३१५ ऐवजी १६० चे दोन घेतले तर?

एक बिघडला तर निम्मा कारखाना चालतो, हा फायदा खरा आहे. पण संरक्षणाची उपकरणं, केबल, प्लिंथ सगळं दोनदा येतं. या आकाराच्या कारखान्याला मी एकच सुचवतो. निर्यातीच्या ऑर्डरवर दिवसाचा दंड बसत असेल तर वेगळं मत होऊ शकतं.

ट्रान्सफॉर्मर चार्ज झाल्यावर हिशोब जमला की नाही, कसं कळेल?

विद्युत निरीक्षकांची मंजुरी मिळून वीज सुरू झाली की पहिला महिना सोडून द्या, तेव्हा मशीन बसवण्याचंच काम चाललेलं असतं. दुसऱ्या महिन्यापासून बिलातली नोंदलेली एमडी लिहून ठेवा. १९० च्या आसपास यायला हवी. एलटी बाजूला तिन्ही फेजचा करंट बघा. १९० केव्हीएला ४१५ व्होल्टवर साधारण २६४ अँपिअर होतात, ३१५ ची मर्यादा ४२० आहे. एखादा फेज इतरांहून बराच वर असेल तर शिलाई आणि दिव्यांचे सिंगल फेज भार नीट वाटलेले नाहीत. बेरीज बरोबर असूनही एक वाइंडिंग एकटंच तापत राहतं.

मे महिन्यात दुपारी तेलाचं तापमान आणि त्याच वेळचा करंट रोज एका वहीत लिहा. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर करंट तेवढाच आणि तापमान मात्र ५-६ अंशांनी जास्त दिसलं, तर माप चुकलेलं नाही. तेलाची पातळी, रेडिएटरवर बसलेला सुताचा पिंजर आणि आजूबाजूची हवा तपासा. टॉवेलच्या कारखान्यात बहुतेक वेळा पिंजरच निघतो.

एमडी अपेक्षेपेक्षा वर, समजा २२० येत असेल, तर ८ लूमची ऑर्डर देण्याआधी तक्ता पुन्हा काढा आणि अंदाजाने धरलेला प्रत्येक फॅक्टर आता मोजून भरा. २२० त ४५ किलोवॅटचे ४७ केव्हीए मिळवले तर २६७ होतात, म्हणजे ३१५ चे ८५ टक्के. लूम येतील, पण कपॅसिटर पॅनल बंद पडला तर तो त्याच दिवशी दुरुस्त झाला पाहिजे.